एक ते तीन वर्षांच्या मुलाचा हलका ताप: घरी थांबायचं की डॉक्टरकडे न्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. हे प्रश्न मला बहुतेक रात्री दहानंतर येतात, आणि सोबत थर्मामीटरचा फोटो असतो. मुलाचा फोटो किंवा व्हिडिओ मात्र क्वचितच असतो. खरं तर निर्णय घ्यायला मला तोच जास्त उपयोगी पडतो. इथली उत्तरं साधारण एक ते तीन वर्षांच्या, एरवी निरोगी असलेल्या मुलांसाठी आहेत. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि अंग १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्या वयात ताप हलका मानत नाहीत, लगेच दवाखाना गाठायचा.

१. नक्की किती झाला की ताप म्हणायचा? आणि 'हलका' म्हणजे किती?

शरीराच्या आतलं तापमान १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, झालं की तो ताप. काखेत लावलेला थर्मामीटर त्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी दाखवतो. म्हणून काखेत ९९.५ च्या वर आकडा दिसला की आपण ताप आहे असं धरतो. काखेत १०२ पर्यंतच्या तापाला मी इथे हलका म्हणतोय. शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे ते सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त, त्यामुळे सकाळी '९८.८' असणारं मूल संध्याकाळी खेळून आल्यावर '९९.३' दाखवेल आणि त्याला काहीही झालेलं नसेल. धावपळ, रडणं, जाड कपडे यांनीही आकडा थोडा वर जातो. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं शांत बसू द्या आणि पुन्हा मोजा.

२. हात लावून कळत नाही का? आणि कपाळाचा, कानाचा, काखेचा यांतला कुठला थर्मामीटर घ्यावा?

आईने हात लावून 'गरम नाही' म्हटलं तर ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. 'गरम आहे' म्हटलं तर मात्र मोजून बघावं लागतं, कारण नुसतं कपाळ तापलेलं असू शकतं. घरासाठी साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. काख कोरडी करायची, टोक मधोमध ठेवायचं, हात अंगाशी धरून ठेवायचा आणि बीप होईपर्यंत काढायचा नाही. मूल वळवळ करून हात उचलतं आणि '९७' दिसतं, तेव्हा आईबाप निर्धास्त होतात. तो आकडा खोटा असतो. कपाळासमोर धरायची यंत्रं सोयीची आहेत, पण घाम, पंखा आणि बाहेरची हवा यांनी ती फसतात. तिथे शंका आली तर काखेतलं मोजमाप खरं माना. एकाच आजारात दर वेळी एकाच जागी, एकाच थर्मामीटरने मोजा, म्हणजे चढ-उतार खरे कळतील.

३. मग डॉक्टरकडे जायचं की नाही हे आकड्यावरून ठरवायचं ना?

नाही. १०३ ताप असलेलं पण हसणारं मूल मला १००.६ असलेल्या पण मलूल मुलापेक्षा कमी काळजीचं वाटतं. या वयात ताप किती चढला यावरून आजार किती गंभीर आहे ते फारसं कळत नाही. साधा विषाणूही ताप चांगला चढवतो आणि लघवीचा जंतुसंसर्ग कधी कधी १०१ वरच रेंगाळतो.

आकड्यापेक्षा मूल बघायचं, आणि ते योग्य वेळी बघायचं. ताप चढत असताना प्रत्येक मूल किरकिर करतं, अंगाला चिकटतं, काही खात नाही. तेव्हा बघून घाबरायला होतं आणि निर्णय चुकतो. पॅरासिटामॉलचा योग्य डोस देऊन साधारण एक तासाने बघा. ताप अंशभर उतरल्यावर मूल डोळ्यांत डोळे घालून बघतंय का, हाक मारली की वळतंय का, दोन घोट पितंय का, थोडं का होईना खेळण्याकडे हात नेतंय का? उत्तर 'हो' असेल तर घरी थांबायला हरकत नाही. ताप उतरूनही मूल तसंच पडून असेल, उचललं की मान टाकत असेल किंवा सारखं कण्हत असेल, तर थर्मामीटरवर ९९ दिसत असला तरी त्याला दाखवायला हवं.

एक इशारा मात्र इथेच देतो. औषधाने ताप उतरला म्हणजे आजार साधाच आहे असं होत नाही. पॅरासिटामॉल न्यूमोनियातलाही ताप उतरवतं. आपण बघतोय ते ताप उतरलेला असताना मूल कसं आहे हे.

४. कोणत्या खुणा दिसल्या तर औषधाची वाट न बघता निघायचं?

या खुणा दिसल्या तर वरची एक तासाची परीक्षा घ्यायची नाही. मूल जागं करूनही नीट जागं होत नाही किंवा अनोळखी नजरेने बघतं. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जातो, किंवा प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो. ओठ किंवा जीभ निळसर, अंग राखाडी किंवा चट्ट्याचट्ट्यांचं दिसतं. मान ताठ आहे, डायपर बदलायला पाय उचलले तरी किंचाळतं. सारख्या उलट्या होतात, घोटभर पाणीही टिकत नाही. झटका आला (प्रश्न १४).

आणि एक पुरळ: बारीक लाल-जांभळे ठिपके, जे दाबले तरी जात नाहीत. काचेच्या पारदर्शक पेल्याची बाजू त्यांच्यावर दाबून काचेतून बघा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं पडतं. ठिपके तसेच दिसत राहिले, तर ते त्वचेखालचं रक्त आहे. जोरात खोकल्याने किंवा उलटीने चेहऱ्यावर असे दोन-चार ठिपके येतात, पण ते ठरवणं घरचं काम नाही. ताप आणि न जाणारे ठिपके एकत्र दिसले की रात्र असो वा पहाट, निघायचं.

५. ताप असला की श्वास जोरात चालतोच. मग जास्त आहे हे कसं ओळखू?

मोजून. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटावरचे कपडे वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान मुलांचा श्वास मध्येच थांबत, मध्येच जलद चालतो आणि गुणाकारात चूक चौपट होते. एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ताप चढलेला असताना ४४ आले तर डोस द्या, ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही चाळीसच्या वर असेल, तर त्याच दिवशी छाती तपासून घ्या. छाती आत ओढली जात असेल तर मोजायचीही गरज नाही (प्रश्न ४).

६. पॅरासिटामॉल किती द्यायचं? बाटलीवर वयाप्रमाणे लिहिलंय, शेजारची म्हणते 'एक चमचा'.

वयाप्रमाणे नाही आणि चमच्याने तर नाहीच. वजनाप्रमाणे. एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये कमीत कमी चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

११ किलोचं मूल घेऊ. ११ गुणिले १५, म्हणजे १६५ मिलिग्रॅम. आता बाटली बघा, कारण घोळ इथे होतो. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असं लिहिलेलं सिरप असेल तर ६.९ मिली द्यावं लागेल. ५ मिलीत २५० असलेलं असेल तर ३.३ मिली. आणि ड्रॉप्स, ज्यांच्या एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, ते असतील तर जेमतेम १.६ मिली. एकच औषध, एकच मूल, तीन वेगळी मापं. सिरप संपलं म्हणून त्याच मापाने ड्रॉप्स पाजले की मुलाला कितीतरी पट औषध जातं, आणि पॅरासिटामॉलचा जादा डोस यकृतावर जातो. तसं झालंय असं लक्षात आलं, तर मूल ठणठणीत दिसत असलं तरी लगेच दवाखान्यात जा. पहिल्या दिवशी त्याची लक्षणं दिसतीलच असं नाही.

उलट चूकही मी रोज पाहतो. 'औषध देऊनही ताप उतरत नाही' म्हणून मूल येतं, आणि विचारल्यावर कळतं की सहा महिन्यांपूर्वीच्या वजनाचाच डोस चालू आहे. मूल वाढलं, माप तेवढंच राहिलं.

सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. दोन्ही बाटल्यांवरची नावं वाचा, नाहीतर नकळत दुप्पट होतं. औषध मिलीच्या खुणा असलेल्या सिरिंजने द्या आणि दिलेली वेळ कागदावर लिहा. रात्री दोनला 'तू दिलंस की मी?' हा संवाद बहुतेक घरांत होतो.

७. दर तापाला औषध द्यायलाच हवं का?

नको. १००.८ ताप आहे आणि मूल खेळतंय, तर औषधाची गरज नाही. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून असतं. त्याने आजार लवकर बरा होत नाही आणि झटकाही टळत नाही. मूल बेचैन असेल, दुखत असेल, पीत नसेल तेव्हा द्या. ताप नसताना 'रात्री चढू नये म्हणून' दिलेला डोसही फुकटच.

८. औषध दिलं, पण ताप ९८ वर येतच नाही. आणि आला तर चार तासांनी परत चढतो. औषध चालत नाहीये का?

चालतंय. पॅरासिटामॉल साधारण एक ते दीड तासात ताप दोनेक अंश फॅरनहाइटने खाली आणतं. १०१.८ चा १००.२ झाला म्हणजे औषधाने आपलं काम केलं. आजार चालू आहे तोवर औषधाचा असर ओसरला की ताप परत चढणारच. चिंतेचं आहे ते मूल कसं दिसतंय (प्रश्न ३) आणि किती दिवस हे चाललंय (प्रश्न १२).

९. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून-पालटून देऊ का?

हलक्या तापाला गरज नसते. दोन औषधं, दोन मापं, दोन वेळापत्रकं आणि झोप न झालेले आईबाप: यात चूक होतेच. आयबुप्रोफेन एकट्याने देणंही काही वेळा टाळायचं. मूल सुकलेलं असेल, उलट्या-जुलाब चालू असतील, कांजिण्या आल्या असतील किंवा डेंग्यूची शक्यता असेल, तर ते नको. डेंग्यूत ते रक्तस्राव वाढवू शकतं. आणि ॲस्पिरिन मुलांना घरी कधीच नाही. त्याने मेंदू आणि यकृत दोन्ही निकामी करणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो.

१०. औषध दिलं आणि उलटी झाली. परत देऊ? आणि झोपलंय तर उठवून देऊ?

अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा एकदा द्या. त्यानंतर झाली तर पुन्हा नको, पुढच्या वेळेची वाट बघा. दोनदा उलटून पडलं तर तिसऱ्यांदा पाजू नका, डॉक्टरांना कळवा. शांत झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नका. श्वास नियमित आहे, हलवलं की कूस बदलतं, रंग नेहमीचा आहे, एवढं बघा आणि झोपू द्या.

११. ओल्या पट्ट्या ठेवायच्या ना? गार पाण्याने अंग पुसू?

पट्ट्यांवर माझा राग नाही, पण त्यांनी फारसं साधत नाही. तापात मेंदूतला थर्मोस्टॅटच वर सरकलेला असतो. आपण बाहेरून गार केलं की शरीर हुडहुडी भरवून तेवढी उष्णता परत तयार करतं आणि मूल जास्त बेजार होतं. बर्फ, गार पाण्याची आंघोळ, स्पिरिट चोळणं हे तर नकोच. स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. कोमट ओल्या फडक्याने मुलाला बरं वाटत असेल तर पुसा, कापायला लागलं की थांबा. कपडा एकच आणि सुती. थंडी वाजतेय म्हणून गोधडीत गुंडाळू नका.

खाण्याचं विचारणारेही खूप असतात: दोन-तीन दिवस नीट खाल्लं नाही तर काही बिघडत नाही. पिणं आणि लघवी यांवर मात्र डोळा ठेवा. सहा ते आठ तासांत एकही ओला डायपर नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड चिकट, डोळे खोल गेलेले, असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. अंगावरचं दूध, पाणी, ओआरएस, जे घेईल ते थोडं थोडं, दर काही मिनिटांनी.

१२. मूल बरं दिसतंय, ताप हलका आहे. किती दिवस थांबू?

एकही धोक्याची खूण नसताना साधारण तीन दिवस, म्हणजे ७२ तास. सर्दी-खोकल्याचे बहुतेक विषाणू तोवर उताराला लागतात. चौथ्या दिवशीही ताप असेल तर दिवसा, शांतपणे जाऊन दाखवा. पाच दिवस झाले तर मूल उड्या मारत असलं तरी दाखवायलाच हवं. कावासाकी नावाच्या आजारात ताप पाच दिवस किंवा जास्त टिकतो, डोळे आणि ओठ लाल होतात, जीभ लालभडक होते. त्याचं औषध वेळेत दिलं नाही तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.

या तीन दिवसांना दोन अपवाद आहेत. पहिला, ताप आहे पण नाक वाहत नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, म्हणजे कारण कुठेच दिसत नाही. असं चोवीस तासांपेक्षा जास्त चाललं तर लघवीची तपासणी करावी, मुलींची तर नक्कीच. या वयात मूल 'जळजळ होते' असं सांगत नाही. नुसता ताप येतो, कधी उलटी, कधी लघवी करताना रडणं. दुसरा अपवाद मलेरियाचा. तुम्ही मलेरिया असलेल्या भागात राहत असाल किंवा नुकतेच जाऊन आला असाल, तर तीन दिवस थांबायचं नाही. पहिल्याच दिवशी रक्त तपासायचं.

१३. एखादं उदाहरण देऊन सांगा ना, प्रत्यक्षात कसं ठरवायचं?

दीड वर्षाची मुलगी, वजन ११ किलो. सोमवारी संध्याकाळी सहाला काखेत १००.८. नाक वाहतंय, पण घरभर फिरतेय. आईने औषध दिलं नाही, फक्त जाड कपडे काढले. बरोबर.

रात्री दहाला १०१.६, मांडीवरून उतरायला तयार नाही, दूध ढकललं. आता डोस: ५ मिलीत २५० असलेलं सिरप, ३.३ मिली. अकराला ताप १००.२. मुलगी उठून बसली, दूध प्यायली, भावाची खेळण्यातली गाडी ओढून घेतली. झोपेत मोजलेला श्वास ३२. या क्षणी दवाखान्यात नेण्याचं काही कारण नाही, आणि आईने नेलं नाही.

मंगळवारी ताप ९९.८ ते १०१.४ यांच्यात खालीवर. दोन डोस लागले. खाणं निम्मं, पण दिवसभरात पाच ओले डायपर. बुधवारी सकाळी ९९, संध्याकाळी पुन्हा १००.६. इथे बरेच जण हताश होऊन येतात, पण संध्याकाळचा आकडा थोडा चढणारच, आणि बुधवारचा सोमवारपेक्षा खाली आहे. गुरुवारी ताप नाही.

शनिवारी रात्री १०१.२. आकडा सोमवारपेक्षा कमी, पण आता दाखवायलाच हवं. ताप पूर्ण जाऊन दोन दिवसांनी परत आला, ती एक कान सारखी ओढतेय आणि आडवी केली की रडतेय. अशा परतलेल्या तापामागे बऱ्याचदा सर्दीवर आलेला कानाचा किंवा छातीचा संसर्ग असतो. ताप उतरल्यावर ती पीत होती, हसत होती, म्हणून वेदनेसाठी डोस देऊन रविवारी सकाळी आणली तरी चाललं. कानाचा पडदा लाल आणि फुगलेला होता.

हीच मुलगी, हेच सोमवार-मंगळवारचे आकडे, पण नाक कोरडं आणि खोकला नाही, असं असतं तर मी तिला मंगळवारी संध्याकाळीच लघवी तपासायला बोलावलं असतं.

१४. ताप डोक्यात जाऊन झटका येईल का?

तापाचे झटके सहा महिने ते पाच वर्षं या वयात येतात, शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना. हलक्या तापातही येतात. ताप दाबून ठेवल्याने ते टळत नाहीत. झटका आला तर मुलाला जमिनीवर कुशीवर झोपवा, तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका, कांदा-चप्पल शोधत बसू नका, घड्याळ बघा. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलवा. पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही लगेच दाखवा, कारण मेंदूज्वर नाही याची खात्री करावी लागते.

१५. दात येतायत, त्याचाच ताप असेल ना?

दात येताना अंग किंचित कोमट होऊ शकतं. १००.४ च्या वरचा ताप दातांवर ढकलू नका. या वयात दात कायमच येत असतात आणि तापही वरचेवर येतात, म्हणून दोघांची गाठ पडते. मी पाहिलेल्या लघवीच्या संसर्गांपैकी बरेच आठवडाभर 'दातांचा ताप' म्हणून घरी राहिलेले होते.

१६. लस दिल्यानंतर ताप आलाय. हा मोजायचा का?

बहुतेक लसींचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो आणि जातो. गोवराची लस असेल, एकटी किंवा गालगुंड-रुबेलासोबत, तर ताप साधारण सात ते बारा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळासह. तेव्हा कोणाला लस आठवतही नाही. ४८ तासांहून जास्त टिकलेला, किंवा लसीच्या वेळापत्रकात न बसणारा ताप नेहमीच्याच नियमांनी बघा.

१७. ताप गेला आणि दुसऱ्याच दिवशी अंगभर पुरळ आलं. ॲलर्जी झाली का?

तीन-चार दिवस बराच ताप, मग तो उतरता उतरता छाती-पाठीवर फिकट गुलाबी पुरळ आणि खुशीत असलेलं मूल, हे रोझिओला या विषाणूच्या आजाराचं चित्र आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये नेहमी दिसतं, आपोआप जातं. ताप चालू असताना अँटिबायोटिक सुरू केलेलं असेल तर पुरळाचा ठपका औषधावर बसतो आणि 'या औषधाची ॲलर्जी' असा शिक्का मुलाला जन्मभर चिकटतो. मुळात विषाणूच्या तापाला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, मागच्या वेळची उरलेली बाटली उघडू नका. पुरळ दाबून बघायला मात्र विसरू नका (प्रश्न ४).

डेंग्यूच्या भागात उलटं लक्षात ठेवा. तिथे ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. ताप गेला पण मूल जास्त गळालं, पोट दुखतंय, उलट्या सुरू झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर तातडीने न्या.

१८. अंग तापलंय पण हात-पाय बर्फासारखे गार. हे वाईट आहे का?

ताप चढत असताना शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, म्हणून तळवे गार पडतात. अर्ध्या-एक तासात ताप स्थिरावला की ते गरम होतात. मूल नीट बघत-बोलत असेल तर मोजे घाला आणि थांबा. खात्री करायची असेल तर छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा भरायला हवा. तीन सेकंद किंवा जास्त लागत असतील, कातडी चट्ट्याचट्ट्यांची असेल किंवा मूल मलूल असेल, तर रक्तप्रवाह कमी पडतोय. तेव्हा थांबू नका.

१९. कोणत्या मुलांना हे नियम लागू नाहीत?

कर्करोगाची औषधं किंवा बराच काळ स्टिरॉइड घेणारी, प्लीहा काढलेली, सिकलसेल असलेली, जन्मजात हृदयविकार असलेली, शिरेत नळी बसवलेली, किंवा एकही लस न झालेली मुलं. यांना पहिल्याच तापाला, त्याच दिवशी दाखवायचं. कर्करोगाची औषधं चालू असतील तर दिवस नाही, तास मोजायचे. तिथे तापाचा आकडा हलका असणं हा दिलासा नाही.

२०. बंद गाडीत किंवा उन्हात राहिल्यावर अंग तापलं. पॅरासिटामॉल देऊ?

नाही. हा ताप नाही. तापात मेंदू स्वतःहून तापमान वर नेतो आणि औषध त्या मेंदूवर काम करतं. उष्माघातात मेंदूचा थर्मोस्टॅट जागच्या जागीच असतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते, म्हणून औषधाने काहीच होत नाही. प्रश्न ११ मध्ये जे करू नका म्हटलं, ते इथे करायचं: सावलीत न्या, सगळे कपडे काढा, अंग पाण्याने भिजवा आणि जोरात वारा घाला. मूल शुद्धीत असेल तरच पाणी पाजा. गुंगीत असेल, बरळत असेल किंवा झटका आला असेल, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत भिजवणं आणि वारा घालणं थांबवू नका.